कुत्र्याची हद्द कुठे संपते?

वाचकाचं पत्र

"मी पहिल्यांदाच कथा लिहिली आहे. एक निवृत्त गृहस्थ आहेत, अप्पा. पत्नी गेलेली, मुलगा दूर. रोज पहाटे फिरायला जातात. एक भटकं कुत्रं त्यांच्यासोबत यायला लागतं, दोघांना एकमेकांचा लळा लागतो आणि शेवटी ते ट्रकखाली सापडून मरतं. माझ्या बहिणीला वाचताना रडू आलं. पण एका मासिकाच्या संपादकांनी 'कथा हळवी झाली आहे आणि फारसं काही घडत नाही' एवढंच लिहून ती परत पाठवली. कुत्र्याला मारलं तर हळवी म्हणतात, आणि नाही मारलं तर उरतंच काय? शेवट बदलू की कथाच सोडून देऊ? कथा सोबत जोडली आहे."

उत्तर

कथा नीट वाचली. सोडून देऊ नका. तुमच्या हाताला एक फार चांगली गोष्ट लागली आहे आणि तिच्याकडे तुमचंच लक्ष गेलेलं नाही. तिच्यावर मी येतोच.

संपादकांनी दोन दोष सांगितले आहेत असं तुम्ही समजता आहात. मला ती एकच तक्रार वाटते. कथेत काही घडत नव्हतं म्हणून शेवटी ट्रक आणावा लागला, आणि ट्रक बाहेरून आला म्हणून रडू ओढून आणल्यासारखं झालं. एक साधी परीक्षा करून बघा. ट्रकचा परिच्छेद झाकून आधीची पानं वाचा. अप्पांच्या किंवा कुत्र्याच्या एखाद्या तरी कृतीमुळे तो ट्रक येतो का? नाही येत. तो पहिल्या पानावर आला असता तरी चाललं असतं. म्हणून मारू की जगवू हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. त्याआधी मला विचारायचं आहे ते हे, की तुमच्या कथेतलं कुत्रं खरंच कुत्रं आहे का?

पहिल्याच सकाळी ते अप्पांच्या डोळ्यांत डोळे घालून बघतं, सरळ चालत येतं आणि पायाशी बसतं. दुसऱ्या दिवशी पंजा हातावर ठेवतं. रस्त्यावर वाढलेलं कुत्रं अनोळखी माणसाशी सहसा असं वागत नाही. ते आधी मागून येतं, दहा-पंधरा पावलं अंतर राखून. तुम्ही थांबलात की तेही थांबतं आणि जमीन हुंगायला लागतं, जणू त्याचं तिथेच काही काम होतं. जवळ येतं ते वळसा घालून, बाजूने. थेट समोरून येणं आणि रोखून बघणं कुत्र्यांच्या जगात दमदाटीचं समजलं जातं, त्यामुळे मैत्री करायची असते तेव्हा ते नजर चुकवतं. काही खायला दिलंत तर मान पुढे ताणून घेतं, पण वजन मागच्या पायांवर ठेवतं, म्हणजे क्षणात मागे उडी मारता यावी. खाऊन झालं की निघून जातं. वळूनही बघत नाही. मध्येच जांभई देतं, जीभ नाकावरून फिरवतं. आपल्याला वाटतं त्याला झोप आली किंवा भूक लागली, पण अशा वेळी बहुतेकदा ते अवघडलेलं असतं.

हे सगळं कुत्र्यांची माहिती द्यायची म्हणून कथेत घालायचं नाही. पण यातलं एकेक निरीक्षण अप्पांच्या वाट्याला आलं तर काय होईल बघा. एकटा माणूस, त्याला सोबत हवी आहे, आणि समोरचा प्राणी खाऊन वळूनही न बघता निघून जातो. दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा खिशात काहीतरी घेऊन निघतात की रागावून नाही घेत? इथे कथा सुरू होते. तुमच्या कथेत कुत्रं पहिल्या दिवसापासून अप्पांना हवं तसंच वागतं, त्यामुळे अप्पांना काही करावंच लागत नाही. त्याला स्वतःची भूक, भीती आणि स्वतःची कामं आहेत. ती आली की अप्पांसमोर कोणीतरी दुसरं उभं राहील. आत्ता त्यांच्यासमोर त्यांच्याच मनातली आर्जवं उभी आहेत.

आता ती चांगली गोष्ट. दुसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही लिहिलं आहे, "अप्पांचं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं होतं." एवढं एक वाक्य. पुढे त्या मोजणीचा कुठे उल्लेखही नाही. साखळी धरून, फलकयंत्र मांडून, भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून हा माणूस वर्षानुवर्षं सांगत आला की तुझं इथपर्यंत आणि त्याचं इथून पुढे. हद्दीचा दगड कुठे बसणार हे त्याच्या शब्दावर ठरायचं. आणि निवृत्तीनंतर याच्या मागे कोण लागतं? हद्दीवर जगणारा प्राणी.

भटकी कुत्री कुठेही भटकतात हा समज आहे. रस्त्यावरची बहुतेक कुत्री एका ठरावीक टापूत राहतात, पुष्कळदा चार-सहा जणांच्या टोळीने. खांब, भिंतीचा कोपरा, झाडाचं खोड यांवर मुतून ती खूण ठेवतात आणि रोज हुंगून कोण येऊन गेलं ते बघतात. त्या खुणेपलीकडे दुसऱ्या टोळीचा टापू. पहाट आणि संध्याकाळ या त्यांच्या सगळ्यात जास्त हालचालीच्या वेळा, म्हणजे नेमक्या माणसांच्या फिरण्याच्या. त्यामुळे फिरणाऱ्यासोबत येणारं कुत्रं बरेचदा एका जागेपर्यंतच येतं. रोज त्याच जागी थांबतं. पुढे जावंच लागलं तर त्याचं अंग बदलतं. शेपूट खाली जाते, पाठ वाकते आणि ते माणसाच्या पायाला चिकटून चालायला लागतं. समोरून त्या टापूतली येतात ती ताठ पायांनी, शेपूट वर उभारून, आणि भुंकण्याच्या आधीचे काही क्षण अगदी गप्प असतात. कधी कधी कुत्रं माणसासोबत येतं तेच मुळी त्याच्या आडोशाने दुसऱ्यांचा टापू पार करता यावा म्हणून. अप्पांना जी माया वाटते त्यात कुत्र्याची ही निकडही मिसळलेली असेल. मला त्यात मायेला कमीपणा दिसत नाही. उलट दोघांनाही एकमेकांची गरज आहे आणि त्या गरजा वेगवेगळ्या आहेत, यातून कथेला खोली मिळेल.

तुमच्या कथेत अप्पा रोज पुलापलीकडच्या बाकावर जाऊन बसतात आणि परततात. तिथे आणखी दोन म्हातारे येतात, असं तुम्ही ओझरतं म्हटलं आहे. पुलाच्या अलीकडे कुत्र्याची हद्द संपते असं धरा. मी तुमच्याच पात्रांना घेऊन थोडं लिहून बघतो, केवळ कल्पना यावी म्हणून:

"पुलाच्या अलीकडच्या खांबाशी ते थांबलं. अप्पा दहा पावलं पुढे गेले आणि वळले. ते खांब हुंगत होतं. 'चल,' अप्पा म्हणाले. ते बसलं. अप्पांनी घड्याळ पाहिलं. एव्हाना ते बाकावर असायचे. 'इथपर्यंतच का रे तुझं?' त्यांनी विचारलं, आणि मोजणीला उभं असताना बघायचे तसं खांबापासून पुलाच्या कठड्यापर्यंतचं अंतर नजरेनं पाहून घेतलं."

यात एकटेपण हा शब्द नाही. तुमच्या मसुद्यात तो पुष्कळ वेळा आला आहे, शिवाय "त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांत अप्पांना आपलंच एकाकीपण दिसलं" हे वाक्य आहे, ते काढाच. ते वाचताना वाचकाला स्वतःला काही वाटायला जागाच उरत नाही, त्याच्या वाटचं तुम्हीच वाटून घेतलेलं असतं. एकटेपण दाखवायला अप्पांच्या कृती पुरेशा आहेत. उदाहरणार्थ, मुलाचा फोन तुमच्या कथेत आहे, पण त्यात फक्त तब्येतीची चौकशी होते. तिथे अप्पा सहज म्हणाले, "आम्ही आत्ताच फिरून आलो," आणि मुलाने विचारलं, "आम्ही म्हणजे?" तर? अप्पा काय उत्तर देतात, की विषय बदलतात? मला वाटतं ते विषय बदलतील. तुम्हाला वेगळं वाटलं तर तुमचं खरं.

नावाचंही तसंच. पहिल्याच सकाळी अप्पा त्याला मोती म्हणतात. नाव ठेवणं ही घटना आहे, ती इतक्या स्वस्तात देऊन टाकू नका. बरेच दिवस ते नुसतं 'ते' राहू द्या. ज्या दिवशी अप्पांच्या तोंडून नाव जाईल त्या दिवशी वाचकाला कळेल की आता या माणसाकडे गमावण्यासारखं काही आहे.

संपादकांच्या "काही घडत नाही" या शेऱ्याचं आणखी एक कारण तुमच्या क्रियापदांत आहे. साडेतीन पानं सगळं "अप्पा निघायचे, ते मागे यायचं, दोघं बसायचे" असं चालतं. ही रोजची, सवयीची क्रिया झाली. सवय सांगायला हे रूप अचूक आहे, पण या रूपात एकही सकाळ उभी राहत नाही, सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळून जातात. पहिल्यांदा "निघाले, आलं, थांबलं" असा साधा भूतकाळ येतो तो थेट अपघाताच्या दिवशी. म्हणजे तुमच्या कथेत खरोखर घडलेली सकाळ एकच, आणि तिच्यात कुत्रं मरतं. सवय एका परिच्छेदात उरका. पहिल्या पानाच्या शेवटाला "त्या दिवशी" म्हणा आणि साध्या भूतकाळात उतरा. मग एकूण तीन सकाळी पुरतात. कुत्रं पहिल्यांदा मागे लागलं ती, पुलाशी थांबलं ती, आणि त्यानंतर अप्पांनी जे केलं ती. बाकी दिवस मधल्या दोन-चार वाक्यांत जातील. दीड-दोन हजार शब्दांच्या कथेला एवढं भरपूर होतं.

तर अप्पांनी काय केलं? मारू की जगवू याऐवजी मी हा प्रश्न समोर ठेवेन. मला तीन वाटा दिसतात.

एक, अप्पा कुत्र्यासोबत मागे फिरतात. फेरी पुलाशी संपायला लागते, बाक सुटतो, ते दोन म्हातारे सुटतात. वाचक आधी सुखावतो, की बरं झालं, सोबत मिळाली. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की या सोबतीपायी माणसांशी उरलेला एक धागाही गेला. कुत्रं म्हणजे एकटेपणावरचं औषध, हे आपण सगळेच फार पटकन गृहीत धरतो आणि तुमच्या कथेनेही धरलं आहे. ही वाट त्या समजुतीला हात घालते. पण ती सावकाश उलगडणारी आहे, आणि पहिल्या कथेत असा उतार सांभाळणं अवघड जातं.

दुसरी वाट, अप्पांना ते कुत्रं संध्याकाळी दुसऱ्याच कोणासोबत दिसतं, दुसऱ्या नावाला शेपूट हलवताना. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणारी माणसं अनेक असतात आणि प्रत्येकाने ठेवलेलं नाव वेगळं असतं, त्यामुळे हे अगदी खरं वाटेल. मत्सर म्हातारपणीही होतो आणि त्याची लाजही वाटते. चांगली कथा होईल, पण मोजणी वाया जाईल.

तिसरी वाट मला तुमच्या कथेची वाटते. अप्पांना पूर्ण फेरी हवी आहे, आणि सोबतही हवी आहे. म्हणून ते खिशातला तुकडा पुलावर टाकतात. मग आणखी एक, थोडा पुढे. जन्मभर दुसऱ्यांना हद्द दाखवलेला माणूस एका मुक्या जनावराला त्याच्या हद्दीबाहेर नेतो, कशासाठी, तर बाकापर्यंत एकट्याने जावं लागू नये म्हणून. पुढचं होणारच. पलीकडची टोळी येते. कुत्र्याचा कान फाटतो किंवा पाय जायबंदी होतो. अप्पा काठी उगारतात, ओरडतात, पण उशीर झालेला असतो. इथे इजा ट्रकने केलेली नाही, अप्पांच्या गरजेने केली आहे. त्यांना ते कळतं. ते शब्दांत सांगू नका.

यात कुत्रं मरायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ते दिसत नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अप्पा खांबापर्यंत जाऊन परततात. मग एका सकाळी ते असतं, पण पुन्हा पंधरा पावलं मागे, पहिल्या दिवशी होतं तितक्याच अंतरावर. त्यानंतर अप्पांनी खिशात हात घालायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी सांगितलं तर शेवट माझा होईल.

एक गोष्ट निक्षून. तिसऱ्या पानावर खेळता खेळता कुत्र्याचा दात अप्पांच्या हाताला लागतो, रक्त येतं, आणि अप्पा हसून रुमाल बांधतात. "मायेची खूण" असं तुम्ही त्याला म्हटलं आहे. हा प्रसंग काढा, किंवा अप्पांना घरी न जाता दवाखान्यात पाठवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. दात किंवा नख लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करायची. कुत्रं ओळखीचं आहे म्हणून थांबायचं नाही. कथा वाचून कोणी रुमाल बांधून घरी बसलं तर ते तुम्हाला आवडणार नाही, आणि शिवाय कथेलाही दवाखाना उपयोगी पडू शकतो. तिथे "घरी आणखी कोण आहे?" असं कोणी विचारलं, की अप्पांना उत्तर द्यावंच लागेल.

कुत्र्याचं न येणं वापरणाऱ्या सगळ्याच नवोदित कथालेखकांना सांगतो, कारण या विषयावरच्या कथा माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकींत कुत्रं चाकाखाली जातं. ते चार दिवस गायब होण्याची साधी कारणं पुष्कळ असतात. परिसरात कुत्री माजावर आली की नर तिच्या मागे दिवसेंदिवस भलतीकडे असतात. तुमचं पात्र मादी असेल तर तिचं गाभणपण साधारण 63 दिवसांचं. शेवटी ती जडशी चालते, फेरीतून मध्येच परत फिरते, मग दिसेनाशी होते आणि कुठल्यातरी आडोशाला विते. काही दिवसांनी येते ती लोंबत्या आचळांची, भुकेली, आणि तुकडा घेऊन लगेच पळणारी, कारण तिला आता कुठेतरी पोचायचं असतं. तिला पोचायचं आहे आणि तुमच्या माणसाला नाही, एवढ्या फरकावरसुद्धा एक कथा उभी राहील.

लिहायला बसण्याआधी काही सकाळी नुसत्या बघण्यात घालवा. खायला काही नेऊ नका, नाहीतर कुत्री तुमच्याशी वागतील आणि तुम्हाला त्यांचं एरवीचं वागणं दिसणार नाही. लांब उभे राहा, रोखून बघू नका, पिल्लांच्या जवळपास तर फिरकूही नका. एकच कुत्रं निवडा आणि ते कुठे थांबतं, शेपूट कधी खाली जाते, कोणत्या माणसाच्या मागे जातं आणि कुठून परततं, एवढंच टिपा. बिचारं, इमानी, प्रेमळ असे शब्द वहीत येऊ देऊ नका, शरीर काय करतं तेवढंच लिहा. तुमची गोष्ट तिसऱ्या वाटेने जाणार असेल तर ती परतण्याची जागा तुम्हाला प्रत्यक्ष दिसलेली असायला हवी.

मग जुना मसुदा न उघडता पुलाचा प्रसंग आधी लिहा. तो उभा राहिला की त्याच्या आधी काय लागतं ते आपोआप कळेल. तुमच्या पहिल्या पानावरचा पत्नीच्या आजारपणाचा मजकूर बहुधा लागणार नाही. तिची एखादी वस्तू अप्पांच्या हातात असली तरी पुरे. काठी तिची होती का? कथेत काठी आहेच.

बहिणीला रडू आलं ते खरं आहे, त्याला कमी लेखू नका. पण ती तुम्हाला ओळखते आणि अप्पांत तुमच्या घरातलं कोणीतरी तिला दिसलं असणार. नवा मसुदा तुम्हाला न ओळखणाऱ्या कोणालातरी द्या आणि आवडला का असं न विचारता एवढंच विचारा की अप्पांचं काय चुकलं. उत्तर मिळालं तर कथा पोचली. नंतर ती त्याच संपादकांकडे पाठवा. त्यांनी कारण लिहून परत पाठवली आहे, नुसती परत पाठवलेली नाही. सोबतच्या पत्रात काय काय बदललं त्याची जंत्री देऊ नका, "पुन्हा लिहिली आहे, वाचावी" इतकं बस.